चौकोन रिकामा ठेवला तर

माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात अकरा वर्षं एक कोरा फॉर्म पडून होता. आमच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पतपेढीत पगारातून दरमहा बचत सुरू करायची असेल तर भरायचा फॉर्म. खण माझा, फॉर्मांचा गठ्ठा माझ्या ताब्यात, इतरांनी भरून आणला की त्यावर शिक्का मारणारी मीच, आणि माझा स्वतःचा मात्र ‘या महिन्यात भरू’ म्हणता म्हणता राहून गेलेला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत कुणी पगार पुरत नाही म्हणून कुरकुरला, तर त्याला बचतीचं महत्त्व चांगलं पाच मिनिटं ऐकवायचे.

कारखाना मुलुंडला. पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह तिथे बनतात. मी तिथल्या पर्सोनेल खात्यात चिकटले, पुढे त्याच खात्याला एचआर म्हणू लागले, काम तेच राहिलं. नवा माणूस आला की त्याचे कागद करायचे, जुना गेला की त्याचा हिशोब मिटवायचा, आणि मधल्या काळात दोघांची भांडणं ऐकायची. माझा स्वभाव तापट आहे. लोक माझ्याकडे रजेचा अर्ज आणताना आधी शिपायाला विचारायचे, मॅडमचा मूड कसा आहे.

प्रॉव्हिडंट फंड कायद्याने कापला जातोच, त्यात कुणाला काही विचारायचं नसतं. पतपेढीची बचत वेगळी. ती ज्याच्या त्याच्या मर्जीची, व्याज बँकेपेक्षा थोडं बरं, आणि एक महिना आधी कळवलं की सगळे पैसे परत. चांगली सोय होती, सगळे चांगली आहे म्हणायचेही, पण सभासद मोजकेच. दरवर्षी वार्षिक सभेत साहेब बचतीवर भाषण करत, लोक टाळ्या वाजवत, समोसा खाऊन घरी जात.

अशात आमच्या अंधेरीच्या मुख्य ऑफिसातून एक मुलगी आली. अठ्ठावीस-तीसची असेल. वर्तन-अर्थशास्त्र नावाचा विषय शिकून आलेली. म्हणजे माणसं पैशाच्या बाबतीत जशी वागायला हवीत तशी न वागता जशी खरोखर वागतात, त्याचा अभ्यास. मी मनात म्हटलं, त्यासाठी कॉलेज कशाला, आमच्या कॅन्टीनमध्ये एक आठवडा बस.

तिने भाषण वगैरे काही केलं नाही. माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, मला बचत सुरू करायची आहे असं समजा, काय काय करावं लागेल ते सांगा. मी सांगत गेले, ती बोटांवर मोजत गेली. फॉर्म माझ्याकडून घ्यायचा. दोन फोटो. आधारची झेरॉक्स. दोन जुन्या सभासदांच्या सह्या. मग पतपेढीची खिडकी, जी फक्त मंगळवारी तीन ते चार उघडी. तिथून परत माझ्याकडे शिक्क्याला. एका हाताची बोटं संपून ती दुसऱ्या हातावर गेली. त्या सह्या कशासाठी, हे तिने विचारलं तेव्हा मी जुने फॉर्म काढून बघितले. कर्जाच्या फॉर्मवर जामीनदार लागतात, तोच फॉर्म कुणीतरी कधीतरी बचतीसाठी वापरला होता. आपलेच पैसे साठवायला आपण इतकी वर्षं जामीनदार मागत होतो.

तिचा उपाय साधा होता. त्या वर्षी सगळ्यांचे माहितीचे फॉर्म तसेही नव्याने भरून घ्यायचे होते. त्यातच बचतीचा एक परिच्छेद घालायचा, खाली सही. ज्याला बचत नको असेल त्याने एका चौकोनात खूण करायची. चौकोन रिकामा ठेवून सही केली, की बचत सुरू. नव्याने येणाऱ्यांनाही तोच फॉर्म.

माझं डोकं सणकलं. कुणी माझ्या वतीने परस्पर काही ठरवलं की मला पहिल्यापासून खपत नाही. माझं कॉमर्स वडिलांनी ठरवलं, घरातला टाइल्सचा रंग दिराने. मी तिला म्हटलं, “माणसं म्हणजे काय मेंढरं आहेत? दार उघडं ठेवलं की आत जातील?”

ती चिडली नाही. म्हणाली, “मॅम, आत्ताचा फॉर्म तरी कुठे कोरा आहे? जो काहीच करत नाही त्याच्या वतीने तो ‘नाही’ म्हणतोच ना. कुणी काहीच केलं नाही तर काय व्हावं, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं. प्रश्न एवढाच की विचार करून ठरवलं की असंच.”

मग तिने सहज विचारलं, तुम्ही स्वतः किती टाकता? मी चहा मागवला. तिसरा खण गुडघ्याने हळूच आत ढकलल्याचं मला अजून आठवतं.

पतपेढीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे एक टर्नर, लेथवर तीस वर्षं काढलेले, वडील गिरणीत होते. त्यांच्यापुढे हे मांडलं तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. मागे आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर न मागता गाणी लागायची आणि महिन्याला तीस रुपये जायचे. बंद करायला फोन केला की एक दाबा, दोन दाबा, आणि पैसे पुढच्या महिन्यातही जायचे. “त्याच्यात आणि ह्याच्यात फरक काय, तेवढं सांगा.”

मला तो प्रश्न फार आवडला, कारण माझ्या पोटात तोच होता आणि मला तो इतका नीट मांडता आला नव्हता. त्या मुलीलाही आवडला असावा, कारण तिने वही मिटली आणि आम्हा दोघांना म्हणाली, फरक तुम्हीच घाला. मग आम्ही तिघांनी बसून तो घातला. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि सही घ्यायच्या आधी मी तोंडी सांगायचं. पहिले दोन पगार काही कापायचं नाही, म्हणजे घरी जाऊन बोलायला वेळ मिळेल. पैसे सभासदाच्याच नावावर राहणार. आणि बाहेर पडायचा फॉर्म अर्ध्या पानाचा, नाव, कामगाराचा तिकीट नंबर, सही, बस. कारण विचारायचं नाही. त्याचं पॅड माझ्या टेबलावर नको, हजेरीच्या मशीनजवळ खिळ्याला लटकवायचं, म्हणजे माझं तोंडही बघायला नको. ही शेवटची अट सेक्रेटरींची, आणि ती घालताना त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

राहिला आकडा. मूळ पगाराचे किती टक्के? मुलीचं म्हणणं सहा, आणि दर वर्षीच्या पगारवाढीला एकेक टक्का आपोआप वाढत जावा. वाढलेल्या पगारातूनच तो टक्का जाणार, त्यामुळे हातात येणारी रक्कम कधीच कमी झालेली दिसत नाही. आज खिशातून काढून दे म्हटलं तर माणसाला झोंबतं, पुढच्या वर्षी वाढेल त्यातलं दे म्हटलं तर तो चटकन हो म्हणतो. मला ते पटलं. पण सहा हा आकडा बघून माझ्या डोळ्यांसमोर सगळं ओतकामाचं फाउंड्री खातं माझ्या दारात उभं राहिलं. मी सहा खोडून तीन केले, आणि वाढीची भानगडच काढून टाकली. तीनच का? दोन फारच फालतू दिसत होते आणि चारला कुणीतरी बोंबललं असतं. याहून जास्त विचार मी केला नव्हता.

“मॅम, जो आकडा छापाल तिथेच लोक बसतील,” ती म्हणाली. “जे जास्त टाकू शकतात तेसुद्धा.”

“बसू देत,” मी म्हटलं. “काहीच नसण्यापेक्षा बरं.”

फॉर्म भरून घेण्याचा आठवडा मी कंबर कसून काढला. प्रत्येकाला सांगितलं, नको असेल तर या चौकोनात खूण कर. फारच थोड्यांनी केली, आणि त्यातल्या दोघांनी नंतर येऊन ती खोडली. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी मी माझा स्वतःचा फॉर्म घेतला, चौकोन रिकामा ठेवला आणि सही केली. अर्धं मिनिट लागलं. अकरा वर्षं जे जमलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात झालं, आणि मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्या खणातला जुना फॉर्म फाडून टाकला आणि उतरताना कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन घरी गेले.

पुढच्याच महिन्यात इन्स्पेक्शन खात्यात एक बाई लागली. तिशीची, मालवणकडची, राहायला भांडुपला. नवरा रिक्षा चालवायचा, मुलगी शाळेत. कागद भरताना बऱ्याचजणी गप्प बसतात, ही बोलत होती. तिने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं की ही नोकरी ती कायमची करणार नाही. तिच्या चाळीच्या खाली मिरची कांडपाचा एक गाळा होता. चालवणारी म्हातारी मावशी, तिला कुणी पुढे नाही. ही दर रविवारी तिच्या हाताखाली बसायची. मावशी गावी जाईल तेव्हा यंत्र आणि गाळ्याची अनामत भरून तो आपण घ्यायचा, एवढं तिचं ठरलेलं होतं. इतकं सरळ बोलणारं माणूस मला आवडतं. मी तिला बचतीचा परिच्छेद वाचून दाखवला, चौकोन दाखवला. “नाय मॅडम, खूण कशाला, मला तर पायजेच,” ती म्हणाली आणि सही केली.

तिचं काम होतं तयार व्हॉल्व्ह मापाचं गेज लावून तपासण्याचं. केसाएवढा फरक असला तरी ती माल परत पाठवायची. लेथवरच्या पोरांशी तिची रोज बाचाबाची व्हायची आणि जिंकायची तीच. तिच्या टेबलावरून गेलेला व्हॉल्व्ह कधी गिऱ्हाइकाकडून परत आला नाही, असं खातेप्रमुख सांगायचे.

चार वर्षं गेली. खिळ्यावरचं पॅड जाडच्या जाड राहिलं. येताजाता मी त्याच्याकडे बघायचे आणि खूश व्हायचे. पतपेढीच्या सभेत साहेबांनी माझं कौतुक केलं. मी ते खाली मान घालून, पण पूर्ण ऐकलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती बाई पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आली. आदल्या रविवारी मावशीने तिला सांगितलं होतं की ती पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबेल, त्यानंतर मोबाइलवाला गाळा मागतोय त्याला देईल. म्हणून हिने पासबुक पहिल्यांदा नीट भरून घेतलं होतं.

“मॅडम, यात चूक आहे,” ती म्हणाली. “मला वाटलेलं निम्मे तरी झाले असतील.”

मी बघितलं. चूक नव्हती. चार वर्षांची बचत व्याज धरून जेमतेम दीड महिन्याच्या मूळ पगाराएवढी होती. तिला लागणार होते पाच महिन्यांच्या पगाराएवढे.

“तीन टक्क्याने एवढेच होतात,” मी म्हटलं.

“तीनच का?”

“फॉर्मवर तीन होते ना. वाढवता येतात, खाली लिहिलंय.”

“होते म्हणूनच तर,” ती म्हणाली. “मला वाटलं, ऑफिसने बघूनच ठरवलं असणार. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, तुम्ही हिशोब केला असेल की हिच्यासारखीला एवढे बरोबर. मी कशाला मधे बोलू? माका काय म्हायत?”

ती मालवणीवर गेली म्हणजे तिला खरंच लागलं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या जिभेवर आधी रागच आला. मराठीत लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वाचून दाखवलं होतं, हे सगळं मी बोलणार होते आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण ती वाद घालत नव्हती. केसाएवढा फरक पकडणारी बाई आपल्याच आकड्याला चार वर्षं गेज न लावता बसली होती, कारण तो आकडा आमच्याकडून आला होता. नुसता छापलेला आकडा समजून नव्हे, सल्ला समजून. आणि सल्ला देणारी मी होते.

मी म्हटलं, “कुणी हिशोब केला नव्हता. मीच टाकले तीन. जास्त टाकले असते तर लोक माझ्यावर ओरडले असते, म्हणून.”

मग तिने विचारलं, “आणि तुमचे किती जातात?”

माझा पगार तिच्या अडीचपट, मुलगा कमावता, घराचे हप्ते संपलेले. आकडा बदलण्याचा फॉर्म माझ्याच कपाटात.

“तीनच,” मी म्हटलं.

आधी तिचा विश्वास बसला नाही. मग ती हसायला लागली, इतकी की पलीकडच्या टेबलावरचा टाइप करायचा थांबला. मीही हसले, पण मला रडूही येत होतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

मी त्या अंधेरीच्या मुलीला फोन केला. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही, यासाठी मी तिला शंभर मार्क देते. तिने सांगितलं ते असं: सगळ्यांची गरज साधारण सारखी असेल तर एक आकडा छापून चालतं, पण तो विचार करून निवडलेला पाहिजे. गरजा वेगवेगळ्या असतील तर आकडा छापूच नये, जागा कोरी ठेवावी आणि ती भरल्याशिवाय फॉर्म घेऊ नये. न विचारता ठरवण्यात सोय असते, पण एकदा तरी विचारायला हवं. मला तोवर वाटत होतं की आपण आकडा कमी ठेवला म्हणजे कुणाचं काही बिघडवलं नाही. ज्यांनी काहीच साठवलं नसतं त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. हिच्यासारखीचं मात्र आम्हीच अडवून ठेवलं होतं, कारण आम्ही विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी दहा लिहिले असते.

एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं निघतात. त्या वर्षी प्रत्येक पत्राला मी एक चिठ्ठी जोडली. ‘तुमची बचत मूळ पगाराच्या किती टक्के?’ आणि पुढे कोरी जागा. त्याखाली दर वाढीला एक टक्का वाढू द्यायचा का, हो की नाही, यातही काही आधीपासून निवडलेलं नाही. शेजारी छोटा तक्ता, किती टाकले तर पाच वर्षांत किती होतात. चिठ्ठी भरल्याशिवाय पत्र मिळणार नाही. आणि नव्याने येणाऱ्यांसाठी, त्यांना अशी चिठ्ठी मिळेपर्यंत, तीनचे सहा. सेक्रेटरींनी तक्ता स्वतः दोनदा तपासला. लोक ओरडतील म्हणून मी तयारीत बसले होते. ओरडलं कुणीच नाही. फाउंड्रीतली माणसं बाकावर बसून पेन चावत होती, एकमेकांना विचारत होती, घरी फोन लावत होती. एकाने शून्य लिहिलं. त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं. ते उत्तरही बरोबरच होतं.

इन्स्पेक्शनची बाई मात्र एप्रिलपर्यंत थांबलीच नव्हती. फेब्रुवारीतच, पासबुक दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक जुनी तपासणीची स्लिप घेऊन आली. स्लिपच्या पाठीवर तिने सगळा हिशोब मांडला होता. दिवाळीपर्यंतचे वीस महिने, घरभाडं, मुलीची फी, नवऱ्याच्या रिक्षाचा पासिंगचा खर्च. खाली रेघ मारून लिहिलं होतं, अठरा.

“अठरा टक्के झेपतील तुला?” मी विचारलं.

“मोजलेत मी,” ती म्हणाली.

मी शिक्का मारला. तिच्यासमोरच माझाही फॉर्म काढला. किती लिहावं, मला पटकन सुचेना. कुणीतरी आकडा छापून दिला असता तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणीही वाटलं, हे मुद्दाम सांगते. शेवटी नऊ लिहिले.

ते वीस महिने मी तिच्यापेक्षा जास्त मोजले. मधे एकदा तिची मुलगी आजारी पडली आणि तिने अठराचे दहा केले, दोन महिन्यांनी पुन्हा अठरा. बदलाचा फॉर्म अर्ध्या पानाचाच होता, कारण न विचारणारा. दर वेळी ती तो माझ्या टेबलावर ठेवायची आणि मी काही न बोलता शिक्का मारायचे. काही न बोलणं मला सगळ्यात जड गेलं.

दसऱ्याच्या आधी ती हजेरीच्या मशीनजवळ उभी दिसली. तिने खिळ्यावरच्या पॅडचं एक पान फाडलं, तिथेच भिंतीला लावून भरलं आणि माझ्याकडे आणलं. नाव, तिकीट नंबर, सही. बचत बंद करून सगळी रक्कम काढण्याचा अर्ज. इतकी वर्षं ते पॅड जाड राहण्यात मी माझा विजय मानत होते, आणि तिने फाडलेलं ते पान हातात आलं तेव्हा मला वाटलं, हे पान यासाठीच तर ठेवलं होतं. रक्कम मावशीच्या आकड्यापेक्षा थोडी वरच भरली. तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिला ओरडले की असलं काही करायचं नाही, आणि मग तिला जवळ घेतलं.

गाळा तिने घेतला. मोबाइलवाल्याने पुढच्या गल्लीत दुकान टाकलं.

मी यंदा रिटायर होतेय. एप्रिलमध्ये वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजून, वाळवून मी पहिल्यांदा स्वतः भांडुपला घेऊन गेले. आधी सासूबाई शेजारणीबरोबर मिरच्या पाठवायच्या, त्या गेल्यावर मीही तेच केलं. रांग होती. सगळ्या गाळ्यात खोकला आणि शिंका. ती डोक्याला फडकं बांधून यंत्राशी बसली होती. मला बघून उठली नाही, हातातलं काम सोडलं नाही, हे मला फार बरं वाटलं. माझा नंबर आला.

“बारीक की जाडसर, मॅडम?”

“नेहमीसारखा,” मी म्हटलं.

“नेहमीसारखा म्हणजे कसा?”

मला सांगता येईना. एकतीस वर्षं आमच्या घरात जो आला तो मसाला आम्ही खाल्ला. मागची बाई म्हणाली, “अगं, दे ना मध्यम करून, सगळ्यांचा तसाच असतो.” हिने बटणावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

“सांगा तुम्ही,” ती म्हणाली. “विचारल्याशिवाय मी चालू करत नाही.”

रांग थांबली होती. तिच्याजवळ वाट्यांत ठेवलेले बारीक आणि जाडसर असे दोन्ही नमुने मी बोटांत घेऊन चोळून पाहिले, एकदा, मग पुन्हा एकदा. मग म्हटलं, जाडसर.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने आमटीचा दुसरा घोट घेतला आणि विचारलं, यंदा मसाला वेगळा का लागतोय. मी म्हटलं, यंदा मला कुणीतरी विचारलं.